‘जमणार नाही’ हे मामांना कसं कळवायचं?

प्रश्न: आईच्या मावसभावाच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न २२ तारखेला रविवारी सटाण्याला आहे. मामांनी व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवली, दुसऱ्या दिवशी फोनही केला. मी ‘बघते मामा’ म्हणाले. खरं तर त्याच दिवशी माझ्या सख्ख्या नणंदेच्या मुलाचा साखरपुडा इथे नाशिकला आहे, मुलगा बारावीला आहे आणि मामांकडे आमचं फारसं जाणं-येणं नाही. ऋतुजाला मी शेवटचं पाहिलं ते सप्तशृंगीच्या गडावर, तेव्हा ती शाळेत होती. आई आणि दादा लग्नाला जाणार आहेत. मी लिहिलेला मेसेज असा आहे: ‘मामा, पत्रिका मिळाली. तुमच्या मुलीच्या लग्नाबद्दल अभिनंदन. पण २२ तारखेला आम्हाला जमणार नाही. घरात दुसरा कार्यक्रम आहे, मुलाची बारावी आहे आणि सटाणा लांब पडतं. गैरसमज नसावा. आहेर ऑनलाइन पाठवते, नंबर द्या.’ मिस्टर म्हणतात, हे वाचून मामा आयुष्यभर बोलणार नाहीत. नीट कसं लिहू?

उत्तर: मिस्टर थोडं वाढवून सांगताहेत, पण त्यांचा कान बरोबर आहे. रविवार कारंज्याजवळ आमचा छापखाना आहे आणि लग्नपत्रिकांचा मजकूर लिहिण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यामुळे निमंत्रणं मी हजारोंनी लिहिली. नकार मात्र लोक छापून घेत नाहीत, ते गल्ल्यापाशी उभे राहून हळू आवाजात विचारतात, ‘भाऊ, यांना नाही म्हणायचंय, काय लिहू?’ असेही खूप लिहून दिले आहेत.

तुमच्या मेसेजमध्ये खोटं काहीच नाही, अपमान करायचा हेतूही नाही. तो रुक्ष वाटतो याची कारणं अगदी बारीक आहेत, दोन-चार शब्दांत लपलेली. ती एकेक करून पाहू, म्हणजे पुढच्या वेळी विचारायला यावं लागणार नाही.

सगळ्यात आधी ‘जमणार नाही’. मराठीत न येण्याचे निदान चार प्रकार आहेत आणि ऐकणाऱ्याला ते चारही वेगळे लागतात. ‘आम्ही येणार नाही’ म्हणजे आम्ही ठरवलंय, तो सरळ नकार. ‘आम्हाला जमणार नाही’ म्हणजे आमच्या सोयीत बसत नाही. प्लंबरला आपण हेच म्हणतो, ‘मंगळवारी जमणार नाही, बुधवारी या.’ ‘आम्हाला येता येणार नाही’ म्हटलं की अडचण आमच्यावर आलेली दिसते, इच्छा होती असं वाटायला जागा राहते. आणि ‘आमचं येणं होणार नाही’ यात तर कर्ताच बाजूला सरकतो. येणं हीच एक गोष्ट आहे आणि ती घडणार नाहीये. नात्यातल्या वडीलधाऱ्यांना लिहिताना हा शेवटचा प्रकार वापरावा. यात कुणाला फसवल्यासारखं होत नाही, नकार तितकाच पक्का राहतो, फक्त तो तुमच्या मर्जीतून आला असं दिसत नाही.

दुसरा शब्द ‘तुमच्या’. ‘तुमच्या मुलीच्या लग्नाबद्दल’ हे शेजारच्या सोसायटीतल्या माणसाला चालेल. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, ‘आमचा’ आणि ‘आपला’ वेगळे आहेत, आणि याचा उपयोग लग्नकार्याइतका दुसरीकडे कुठे होत नसेल. ‘आपल्या ऋतुजाचं लग्न’ म्हटलं की तुम्ही मांडवात न येताही घरच्या माणसांत बसता. यात एक धोका मात्र आहे. दहा वर्षांत भेट नसलेल्या मुलीबद्दल ‘आपली लाडकी ऋतुजा’ लिहिलंत तर मामी वाचून हसतील. जवळीक जितकी आहे तितकीच दाखवावी. ‘आपली’ हा नात्याचा शब्द आहे, तो खरा आहे. ‘लाडकी’ हा सहवासाचा, तो तुमच्याकडे नाही. त्याऐवजी तुमच्याकडे गडावरची आठवण आहे. ती लिहा. असली एक खरी, छोटी गोष्ट सगळ्या विशेषणांपेक्षा जास्त काम करते, कारण ती दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती.

‘अभिनंदन’ काढा. शब्द चुकीचा नाही, पण मुलीच्या वडिलांना तो बढती मिळाल्यासारखा वाटतो. ‘ऐकून फार आनंद झाला’ पुरे. तसंच ‘क्षमस्व’, ‘दिलगीर आहोत’ हे तुम्ही लिहिलेलं नाही हे चांगलं केलंत. पुष्कळ लोक नम्र व्हायचं म्हणून ते घालतात आणि मेसेज दुकानाच्या शटरवर लावलेल्या पाटीसारखा होतो. ‘आपण’ म्हणून संबोधण्याचंही तेच. मामांशी तुम्ही फोनवर ‘तुम्ही’ म्हणता, मग लिहिताना एकदम ‘आपले निमंत्रण प्राप्त झाले’ असं आलं की माणूस लांब सरकतो. बोलता तसंच लिहा, ‘मिळाले’ नको, ‘मिळालं’, ‘वाटलं’, ‘झालं’ असंच असू द्या.

‘गैरसमज नसावा’ हेही काढा. गैरसमज नसतोच, हे वाचल्यावर सुरू होतो.

आता कारणांकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. तुम्ही तीन कारणं दिली आहेत. तीन कारणं दिली की यजमान सगळ्यात कच्चं शोधतो आणि ते सोडवून दाखवतो. हे वाईट हेतूने होत नाही, आग्रह करणं हे त्याचं कामच आहे. बारावीचं कारण घ्या. लग्न रविवारी आहे, रविवारी बोर्डाचा पेपर नसतो हे मामांनाही ठाऊक असणार. ते म्हणतील, ‘पोराला राहू दे अभ्यासाला, तू एकटी ये.’ झालं, आता तुम्हाला दुसरं कारण काढावं लागणार. अंतराचं कारण तर त्याहून नाजूक आहे. नाशिकहून सटाणा ९० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने दोन-अडीच तास. मामा म्हणतील, ‘दादाच्या गाडीत बस.’ आणि मनातल्या मनात म्हणतील, यांच्या कार्याला आम्ही हेच अंतर तोडून आलो होतो. तुमच्या लग्नाला ते आले होते का, आईला विचारा. आले असतील तर ‘लांब पडतं’ हे वाक्य जन्मात लिहू नका.

राहिला ‘दुसरा कार्यक्रम’. तिघांत खरं वजन याच कारणाला आहे आणि नेमकं तेच तुम्ही सगळ्यात मोघम लिहिलंय. ‘दुसरा कार्यक्रम’ म्हटलं की मामांच्या डोळ्यांसमोर काहीही येऊ शकतं, भिशी येईल, महाबळेश्वर येईल. सख्ख्या नणंदेच्या मुलाचा साखरपुडा म्हटलं की विषय संपतो. सासरचं जवळचं कार्य सोडून माहेरच्या लांबच्या लग्नाला सून कशी जाणार, हे आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. दाट तिथीच्या दिवसांत एकाच रविवारी दोन-तीन कार्यं येणं नेहमीचंच आहे. छापखान्यात आम्ही एकाच मुहूर्ताच्या पाच-सहा पत्रिका एका दिवशी छापतो आणि त्यातले निम्मे पाहुणे एकमेकांचे नातेवाईक निघतात. त्यामुळे हे एकच कारण द्या, नाव घालून द्या, बाकीची दोन सोडा.

ते लपवू नये याला आणखी एक कारण आहे. साखरपुड्याचे फोटो त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसला येणार. पैठणी नेसून, पेढा भरवताना तुमचाही असेल. बारावीचं कारण देऊन ठेवलं असेल तर सोमवारी सकाळी मामींच्या फोनमध्ये तो फोटो पोचलेला असेल. एक खबरदारी मात्र घ्या. ‘ते जवळचं कार्य आहे ना’ असं लिहू नका. जवळचं कोण आणि लांबचं कोण याचा हिशेब मामा स्वतः करतील, आपण तो करून दाखवला की तो लागतो.

आता तुमच्या ‘बघते मामा’बद्दल. मेसेजमध्ये तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाहीत, आणि मला वाटतं खरी चूक ती आहे. तुमच्या मनात ‘बघते’ म्हणजे ‘नाही’ होतं, मामांच्या कानात ‘बघते’ म्हणजे ‘बहुतेक हो’ पोचलं. मी स्वतः यात एकदा पुरता अडकलो आहे. एका चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला मी ‘नक्की प्रयत्न करतो’ असं कळवलं होतं, जायचं मनात नव्हतं. त्यांनी नाशिकच्या नातेवाइकांसाठी बस केली होती. लग्नाच्या सकाळी ती बस माझ्यासाठी द्वारकेला वीस मिनिटं उभी, आतून एकेकाचे फोन आणि मी घरात चहा पीत बसलेलो. त्या वऱ्हाडाला मी न आल्याचं काहीच वाटलं नाही, वीस मिनिटांचं मात्र आजतागायत ऐकवतात. म्हणून ‘प्रयत्न करू’, ‘बघू कसं होतं’, ‘शक्य झालं तर’ हे शब्द नकाराच्या मेसेजमध्ये कुठेही येऊ देऊ नका. ते ऐकायला गोड असतात, पण यजमानाला ताटं मोजायची असतात. केटरर चार-पाच दिवस आधी आकडा मागतो, गाड्यांच्या जागा वाटायच्या असतात, मुक्कामी किती हे ठरवायचं असतं. तुमचं पक्कं ‘नाही’ हे त्याला अर्धवट ‘हो’पेक्षा उपयोगी असतं. फोनवर ‘बघते’ म्हणाला होतात, तर मेसेजमध्ये तेच वाक्य उचलून बंद करा.

आहेराचं वाक्य पूर्ण काढा. ‘नंबर द्या’ म्हटलं की मुलीच्या बापाला हात पुढे करावा लागतो, आणि तेही लग्नाला न येणाऱ्या माणसाकडे. पत्रिकेत खाली ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ अशी ओळ आहे का ते आधी पाहा. असेल तर विषय मिटला. नसेल तर पाकिटावर तुमचं आणि मिस्टरांचं नाव घालून ते आईबरोबर पाठवा, वरचा एक रुपया विसरू नका. मांडवात जो आहेराची वही घेऊन बसतो तो नाव आणि गाव लिहून घेतो, म्हणजे वहीत तुमची हजेरी आपोआप लागते. मेसेजमध्ये पैशाचा शब्द नको.

आणि आई-दादा जाताहेत ही तुमच्याकडची सगळ्यात मोठी जमेची गोष्ट, तीच मेसेजमध्ये नाही! आपल्याकडे घरटी एक माणूस कार्याला गेलं की घर गेलं असं धरतात. तुमचं घर वेगळं असलं तरी मामांच्या लेखी तुम्ही आईचीच मुलगी आहात, नातं तिच्याकडून आलंय. फक्त लिहायच्या आधी आईला विचारून घ्या, ती हळदीला जाणार आहे की थेट लग्नाला. आईच्या नावावर काहीतरी लिहिलं आणि तिचे गुडघे त्या दिवशी रुसले तर दोघींचंही शब्दात अडकल्यासारखं होईल.

आई हळदीलाच जाणार असं धरून मी मेसेज असा लिहीन:

> मामा, नमस्कार. पत्रिका मिळाली, तुमचा फोनही आला, खूप बरं वाटलं. आपल्या ऋतुजाचं लग्न ठरल्याचं ऐकून फार आनंद झाला. गडावर भेटली तेव्हा शाळेत होती, तीच डोळ्यांसमोर आहे अजून.
>
> परवा फोनवर मी ‘बघते’ म्हणाले होते. २२ तारखेलाच माझ्या नणंदेच्या मुलाचा साखरपुडा इथे नाशिकला आहे, त्यामुळे आम्हा तिघांचंही लग्नाला येणं होणार नाही. चुटपुट लागून राहील. आई आणि दादा शनिवारी हळदीलाच येताहेत. आमच्या वाटच्या अक्षता आई टाकेल.
>
> परीक्षा आटोपल्या की एप्रिलमध्ये सटाण्याला येऊन तुम्हा दोघांना भेटून जाऊ. मामींना नमस्कार, ऋतुजाला खूप खूप आशीर्वाद.

यात काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. नकार साधारण मध्यावर आहे. अगदी सुरुवातीला आला असता तर पुढचं मामांनी वाचलंच नसतं, शेवटी आला असता तर गोड बोलून गळा कापल्यासारखं वाटलं असतं. त्याच्या आधी ‘पण’ नाही. तुमच्या मेसेजमध्ये ‘अभिनंदन. पण’ होतं, आणि ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं. ‘त्यामुळे’ने काम भागतं. ‘तिघांचंही’ हा शब्द बारीक आहे पण महत्त्वाचा, तो ‘मग तू एकटी ये’ला आधीच उत्तर देतो. बारावीचं कारण म्हणून मी काढून टाकलं होतं, ते पुढच्या भेटीच्या वाक्यात हळूच येऊन बसलंय. तिथे त्याला कुणी आव्हान देत नाही.

‘एप्रिलमध्ये’ लिहायचं असेल तर जायला हवं. नसाल जाणार तर ते वाक्य गाळा, मेसेज त्याच्याशिवायही उभा राहतो. ‘एकदा नक्की येऊ’ हे मात्र नको. नातेवाइकांनी ते वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यांना ते ‘पुन्हा कधीच येणार नाही’ असंच वाचायची सवय झालेली असते.

पाठवायचं कधी? आजच नको, आणि पुढच्या आठवड्यावरही नको. फोन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील तर उद्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर पाठवा. फोननंतर तासाभरात आलेला नकार विचार न करता दिल्यासारखा दिसतो. लग्नाला चार दिवस उरले असताना आलेला तर आकडा देऊन झाल्यावर येतो. कुटुंबाच्या ग्रुपवर अजिबात नको. तिथे एकाने ‘येणं होणार नाही’ लिहिलं की पाठोपाठ आणखी तिघे लिहितात, आणि मामांसमोर आपल्या कार्याला कोण-कोण येत नाही याची यादीच तयार होते. ग्रुपवर फक्त आनंद व्यक्त करा, नकार मामांना एकट्याला.

मामा स्वतः तुमच्या दारी येऊन, पत्रिकेवर अक्षता ठेवून, हळदीकुंकू लावून गेले असते तर मी तुम्हाला मेसेज लिहूच दिला नसता. त्या निमंत्रणाला उत्तर तोंडी द्यायचं असतं, निदान फोनवर, आणि मेसेज नंतर. तुमच्याकडे पत्रिका व्हॉट्सॲपवर आली आणि फोन झाला, त्यामुळे लिहिलेलं चालेल. तरी माझा अंदाज आहे की मेसेज वाचून मामा फोन करतील. तो उचला. ते म्हणतील, ‘अगं, साखरपुडा संध्याकाळी असेल, सकाळी येऊन अक्षता टाकून जा.’ तेव्हा नवीन कारण काढू नका, वेळापत्रक समजावून सांगू नका. तेच पुन्हा, जरा हळू म्हणा, ‘नाही हो मामा, सकाळपासून घरातच सगळी तयारी आहे, माझ्याशिवाय हलत नाही तिथे. आईला पाठवतेय ना.’ दुसऱ्यांदा आग्रह झाला तरी वाक्य तेच. आपल्याकडे तीन वेळा आग्रह करायची रीत आहे, तिसऱ्यानंतर ते स्वतःच म्हणतील, ‘बरं, मग एप्रिलमध्ये नक्की ये,’ आणि तिथून बोलणं तुमच्या मुलाच्या अभ्यासाकडे वळेल.

हे सगळं तुमच्याकडे खरं, सांगण्यासारखं कारण आहे म्हणून सोपं गेलं. ज्यांच्याकडे तसं नसतं, नुसतंच जायचं नसतं, त्यांना मी खोटं आजारपण कधी लिहून देत नाही. नातेवाइकांत आजारपण फार लवकर फिरतं आणि दोन दिवसांत फळं घेऊन कुणीतरी दारात उभं राहतं. अशांसाठी कारणाशिवायचा नकार असतो: ‘त्या दिवशी आमचं येणं होणार नाही, मनाने मात्र तिथेच असू.’ एवढंच, आणि पुढे लगेच नवरा-नवरीबद्दल एखादं वाक्य. कारण नसलं की सोडवायलाही काही नसतं. लांबच्या नात्यात लोक कारण विचारतातच असं नाही, कळवलं की नाही हे मात्र लक्षात ठेवतात.

२२ तारखेला सकाळी काही पाठवू नका, त्या दिवशी मामांचा फोन कुणाच्या तरी तिसऱ्याच हातात असेल. सोमवारी दुपारनंतर फोन करा आणि ‘सॉरी हं, येता आलं नाही’ असं सुरू करू नका. ‘मामा, कार्य कसं झालं? आई सांगत होती, जेवण फार छान होतं’ इथून सुरू करा. आईकडून जेवणात काय होतं तेवढं आधी विचारून ठेवा.